एकाच आठवड्याचे दोन आकडे: हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी आणि एटीआर हाताने काढून बघताना

जून २०२४ चा पहिला आठवडा ज्यांनी बाजारात काढला, त्यांना तो वेगळा सांगायला नको. १ जूनच्या शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, सोमवारी निफ्टी आठशे अंश वर उघडला, मंगळवारी मतमोजणी सुरू असताना जवळजवळ सहा टक्के कोसळला आणि शुक्रवारपर्यंत पुन्हा सोमवारच्याही वर जाऊन बंद झाला. बाजार किती हलला, हे मोजायची दोन साधने बहुतेकांच्या चार्टवर असतात. एक हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी, म्हणजे लॉग परताव्यांचे वार्षिक केलेले प्रमाण विचलन. दुसरे एव्हरेज ट्रू रेंज, म्हणजेच एटीआर. अनेकजण ही दोन्ही एकच गोष्ट सांगतात असे धरून चालतात. या एका आठवड्यावर दोन्ही हाताने काढली, की ती कुठे फुटतात हे डोळ्यांना दिसते.

आधी आकडे. ३१ मेचा निफ्टीचा बंद भाव २२,५३०.७० होता. पुढचे पाच दिवस असे:

| दिवस | उच्चांक | नीचांक | बंद |
|---|---|---|---|
| ३ जून | २३,३३८.७० | २३,०६२.३० | २३,२६३.९० |
| ४ जून | २३,१७९.५० | २१,२८१.४५ | २१,८८४.५० |
| ५ जून | २२,६७०.४० | २१,७९१.९५ | २२,६२०.३५ |
| ६ जून | २२,९१०.१५ | २२,६४२.६० | २२,८२१.४० |
| ७ जून | २३,३२०.२० | २२,७८९.०५ | २३,२९०.१५ |

पाच दिवसांवर कोणी व्होलॅटिलिटी काढत नाही. साधारणपणे वीस किंवा तीस दिवस घेतात. पण पाच ओळी वहीत मावतात आणि प्रत्येक पायरी तपासता येते, म्हणून इथे पाच.

पहिली मोजणी: हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी

हिला फक्त बंद भाव लागतो. आजचा बंद भागिले कालचा बंद, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. ३ जूनसाठी २३,२६३.९० भागिले २२,५३०.७०, म्हणजे १.०३२५४, आणि त्याचा लॉग ०.०३२०२, म्हणजे ३.२०%. याच रीतीने पाच परतावे येतात: +३.२०%, −६.११%, +३.३१%, +०.८८% आणि +२.०३%.

साधी टक्केवारी का चालत नाही, हे इथेच पडताळून बघा. त्या आठवड्यात निफ्टी प्रत्यक्षात ३.३७% वाढला. रोजचे साधे टक्के घेऊन बेरीज केली तर ३.६३% येते, म्हणजे बेरीज जुळत नाही. लॉग परताव्यांची बेरीज ३.३१५% येते आणि तिचा लॉग उलटवला की नेमके ३.३७% मिळतात. लॉग परतावे एकमेकांत स्वच्छ मिळवता येतात. पुढे दिवसाचे माप वर्षाला ताणायचे असल्यामुळे हा गुण आपल्याला हवाच असतो.

आता प्रमाण विचलन. पाच परताव्यांची सरासरी ०.६६३% आहे. प्रत्येक परताव्यातून ती वजा करा, फरकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा. दशांशात ही बेरीज ०.००६१२७ येते. तिला पाचने नव्हे, चाराने भागायचे, कारण सरासरी याच आकड्यांतून काढलेली आहे आणि त्यात एक आकडा खर्ची पडला आहे. भागाकाराचे वर्गमूळ ०.०३९१४. म्हणजे रोजचे प्रमाण विचलन ३.९१%.

शेवटची पायरी वार्षिकीकरणाची. रोजचे परतावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे मानले, तर विचलनाचे वर्ग दिवसांबरोबर बेरजेने वाढतात आणि विचलन दिवसांच्या वर्गमुळाने. वर्षात २५२ व्यवहाराचे दिवस धरायची रीत आहे. २५२ चे वर्गमूळ १५.८७. म्हणून ३.९१ × १५.८७, म्हणजे सुमारे ६२%.

या ६२ टक्क्यांचा अर्थ "वर्षभरात निफ्टी ६२% हलेल" असा होत नाही. रोज याच मापाने हलत राहिला असता तर वर्षाचे विचलन इतके झाले असते, एवढेच तो सांगतो. उलट वाचायची सोपी युक्ती ही, की १६ ने भागा. व्होलॅटिलिटी १६% असेल तर रोजचे विचलन साधारण एक टक्का, ३२% असेल तर दोन टक्के.

दुसरी मोजणी: ट्रू रेंज आणि तिची सरासरी

एटीआर हे जे. वेल्स वाइल्डर यांचे १९७८ मधले माप. त्यांच्या डोळ्यांसमोर कमोडिटी बाजार होता. तिथे भाव रात्रीत उडी मारून उघडतो आणि मग दिवसभर अरुंद पट्ट्यात राहतो. नुसता उच्चांक वजा नीचांक घेतला तर ती उडी हिशेबातून निसटते. म्हणून ट्रू रेंज तीन अंतरांपैकी सर्वांत मोठे घेते: आजचा उच्चांक ते नीचांक, आजचा उच्चांक ते कालचा बंद, आणि आजचा नीचांक ते कालचा बंद.

३ जून हे याचे अगदी नमुनेदार उदाहरण आहे. त्या दिवशीचा उच्चांक-नीचांक फरक फक्त २७६ अंश होता, म्हणजे चार्टवर एक छोटीशी मेणबत्ती. पण उच्चांकापासून ३१ मेच्या बंदपर्यंतचे अंतर ८०८ अंश. बाजार उघडण्यापूर्वीच जवळजवळ सगळी हालचाल होऊन गेली होती. ट्रू रेंज ८०८ धरते.

४ जूनला नीचांक ते कालचा बंद हे अंतर १,९८२ अंश भरते. पुढच्या तीन दिवसांच्या ट्रू रेंज ८७८, २९० आणि ५३१. पाचांची साधी सरासरी ८९८ अंश.

खऱ्या एटीआरमध्ये १४ दिवस घेतात आणि पहिल्या सरासरीनंतर वाइल्डर यांची गुळगुळीत करण्याची पद्धत लावतात: कालचा एटीआर गुणिले १३, अधिक आजची ट्रू रेंज, भागिले १४. म्हणजे नव्या दिवसाला सुमारे सात टक्के वजन मिळते आणि जुने दिवस हळूहळू विरत जातात, एकदम गळून पडत नाहीत. शेवटी यातूनच एक मोठा फरक निघतो.

दोन्ही एका मापात आणूया

एक आकडा वार्षिक टक्क्यांत, दुसरा अंशांत. असे शेजारी ठेवून काही कळत नाही. म्हणून एटीआरला शेवटच्या बंद भावाने भागायचे: ८९८ भागिले २३,२९०, म्हणजे ३.८६%. आणि व्होलॅटिलिटी वार्षिक न करता रोजचीच घ्यायची: ३.९१%. आता त्यांचे गुणोत्तर काढा: ३.८६ भागिले ३.९१, म्हणजे ०.९९.

हे गुणोत्तर किती असायला हवे, याला एक सैद्धांतिक आधार आहे. भाव दिवसभर अखंड, दिशाहीन, यादृच्छिक चालीने फिरत असेल आणि रात्रीची उडी नसेल, तर दिवसाच्या पट्ट्याची सरासरी रोजच्या विचलनाच्या सुमारे १.६ पट येते. अचूक संख्या ८/π चे वर्गमूळ, १.५९६. उलट सगळी हालचाल रात्रीच झाली आणि दिवसा भाव जागचा हललाच नाही, तर ट्रू रेंज म्हणजे केवळ बंद ते बंद अंतर, आणि त्याची सरासरी विचलनाच्या ०.८ पट. शेअर बाजारात रात्रीच्या उड्याही असतात आणि दिवसाची वर्दळही, त्यामुळे गुणोत्तर बहुधा या दोन टोकांच्या मध्ये पडते. आपले ०.९९ खालच्या टोकाकडे झुकले आहे.

त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण ३ जूनची उडी. दुसरे जास्त महत्त्वाचे आहे. व्होलॅटिलिटी फरकांचा वर्ग करते, एटीआर साधी सरासरी घेते. वर्गांच्या बेरजेत एकट्या ४ जूनचा वाटा बघा: ०.००६१२७ पैकी ०.००४५९१, म्हणजे ७५%. ट्रू रेंजच्या बेरजेत त्याच दिवसाचा वाटा ४४%. दिवस तोच, घसरण तीच, पण एका मापात तो आठवड्याचा तीन चतुर्थांश झाला आणि दुसऱ्यात निम्म्याहून कमी. माझ्या मते दोन्ही मापांमधला हाच सर्वांत कामाचा फरक आहे. एखादाच भयंकर दिवस आला की व्होलॅटिलिटी एटीआरपेक्षा जास्त वेगाने फुगते आणि गुणोत्तर पडते.

गुणोत्तर १.६ च्या जवळ किंवा वर गेले तर चित्र उलटे असते. दिवसात मोठे हेलकावे बसतात पण बंद भाव कालच्या जवळच येतो, किंवा भाव एका दिशेने सरळ चाललेला असतो. दुसरी शक्यता चटकन लक्षात येत नाही. एखादा शेअर रोज बरोबर एक टक्का चढतो आहे असे समजा. सगळे परतावे सारखे, प्रत्येकातून सरासरी वजा केली की शून्य उरते, म्हणून हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी शून्य. एटीआर मात्र एक टक्क्याच्या खाली जाऊच शकत नाही. इतकी सरळ चाल प्रत्यक्षात नसते, पण तीन-चार आठवडे एकमार्गी चढलेल्या शेअरची व्होलॅटिलिटी कमी दिसते त्यामागे हेच असते. "शेअर शांत आहे" असा तिचा अर्थ लावून कोणी ऑप्शन विकला, तर तो चुकीच्या मापावर विसंबला.

शीटमध्ये मांडणी

A मध्ये तारीख, B उच्चांक, C नीचांक, D बंद. पहिली ओळ मथळ्याची, दुसरीत पहिला दिवस. मग खालील सूत्रे त्या त्या खान्यात घाला आणि H16 सोडून बाकीची खाली ओढा:

```
E3:  =LN(D3/D2)
F22: =STDEV.S(E3:E22)*SQRT(252)
G3:  =MAX(B3-C3,ABS(B3-D2),ABS(C3-D2))
H16: =AVERAGE(G3:G16)
H17: =(H16*13+G17)/14
I22: =(H22/D22)/(F22/SQRT(252))
```

F मध्ये वीस परताव्यांची व्होलॅटिलिटी, H मध्ये एटीआर, I मध्ये वर सांगितलेले गुणोत्तर. F च्या खान्याला टक्क्यांचे स्वरूप द्या.

आता जिथे हमखास चुकते त्या जागा.

तुमचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशी जुळला नाही, तर सर्वांत आधी वर्षाचे दिवस तपासा. एनएसईच्या रोजच्या व्होलॅटिलिटीच्या फाइलमध्ये वार्षिक आकडा ३६५ च्या वर्गमुळाने गुणलेला असतो आणि हे सूत्र स्तंभाच्या मथळ्यातच छापलेले असते. ३६५ चे वर्गमूळ १९.१, म्हणजे केवळ या निवडीने आकडा २०% मोठा होतो. शिवाय त्या फाइलमधले रोजचे विचलन साध्या खिडकीचे नसून घातांकी वजनांचे असते. ट्रेडिंगव्ह्यूवरचा तयार हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी निर्देशकही मूळ मांडणीत ३६५ च धरतो, दहा दिवस घेतो आणि विचलन काढताना नऊऐवजी दहाने भागतो. दोन्ही फरक एकत्र केले तर त्याच दहा दिवसांवर वरच्या पद्धतीने काढलेल्या आकड्यापेक्षा तो सुमारे १४% जास्त दाखवतो. कोणताही आकडा चूक नाही. पण दोन शेअरची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे असायला हवेत.

दुसरी जागा बोनस आणि स्प्लिट. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा शेअर एकास एक बोनसनंतरच्या भावाने उघडला, म्हणजे भाव निम्मा झाला. समायोजन न केलेल्या बंद भावांवर त्या दिवसाचा लॉग परतावा −६९% च्या आसपास येतो आणि तेवढ्या एका ओळीने वीस दिवसांची व्होलॅटिलिटी अडीचशे टक्क्यांजवळ जाते. व्होलॅटिलिटीतली ही चूक आरडाओरडा करत येते, म्हणून सापडते. एटीआरमध्ये ती तितकी उठून दिसत नाही. वाइल्डर सरासरीत ती उडी एकचौदांश वजनाने शिरते आणि पुढे कित्येक आठवडे आकडा जास्त दाखवत राहते. म्हणून E स्तंभात १५ टक्क्यांहून मोठा परतावा दिसला की आधी कंपनीच्या घोषणा बघा. आणि भाव समायोजित करायचा तर भावाचे तिन्ही स्तंभ करा. नुसता बंद समायोजित आणि उच्चांक-नीचांक जुने, असे मिश्रण बऱ्याच डाउनलोड केलेल्या फाइलींत मिळते. त्यावर काढलेली ट्रू रेंज निरर्थक असते.

तिसरी जागा एटीआरच्या सुरुवातीची. वाइल्डर सरासरी पहिल्या चौदा दिवसांची आठवण बाळगते. साठ दिवसांनी त्या सुरुवातीचा अंश एक टक्क्याच्या आसपास उरतो. म्हणून निदान तीन-चार महिन्यांचा डेटा आधी द्या, नाहीतर तुमचा एटीआर ब्रोकरच्या चार्टशी जुळणार नाही.

आणि एक मर्यादा दोन्हींची, पण व्होलॅटिलिटीत ती मोजता येते. वीस परताव्यांवरून काढलेल्या विचलनात नमुन्यामुळेच सुमारे १६% ची चूक संभवते. म्हणजे शीटने १६% दाखवले तर खरा आकडा साडेतेरा ते साडेअठरापर्यंत सहज असू शकतो. दशांशातल्या फरकांवर कोणी निर्णय घेऊ नये. आपल्या पाच दिवसांच्या ६२% ला तर याच नियमाने ३२% ची चूक चिकटलेली आहे.

कोणते कशासाठी

ऑप्शनचा प्रीमियम महाग की स्वस्त हे बघायचे असेल तर हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटीच लागते, कारण प्रीमियममधून निघणारी गर्भित व्होलॅटिलिटी याच एककात, वार्षिक टक्क्यांत असते. ८०० रुपयांचा शेअर आणि ३,००० रुपयांचा शेअर यांची तुलनाही तिच्यात थेट होते. एटीआर रुपयांत असल्याने तुलनेआधी भावाने भागावा लागतो.

स्टॉपलॉस कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र एटीआरचा आहे. शेअरचा भाव ८०० रुपये, व्होलॅटिलिटी ३२%. रोजचे विचलन दोन टक्के, म्हणजे १६ रुपये. म्हणून कोणी स्टॉप १६ रुपये खाली, ७८४ ला ठेवतो. बंद भाव एका दिवसात ७८४ च्या खाली जाण्याची शक्यता सामान्य वितरणात १६% आहे, हे बरोबर. पण स्टॉप बंद होईपर्यंत थांबत नाही, दिवसात कधीही भाव तिथे टेकला की लागतो. यादृच्छिक चालीचा एक जुना नियम असा, की एखाद्या पातळीला दिवसात कधीतरी स्पर्श होण्याची शक्यता ही तिच्यापलीकडे बंद होण्याच्या शक्यतेच्या दुप्पट असते. तळाला टेकलेल्या प्रत्येक दोन वाटांपैकी सरासरीने एक पुन्हा वर येते. म्हणजे ७८४ चा स्टॉप लागण्याची शक्यता ३२% आहे, दर तीन दिवसांत जवळपास एकदा. व्होलॅटिलिटी फक्त बंद भाव बघते, म्हणून तिला ही परत फिरलेली वाट दिसत नाही. ट्रू रेंजला दिसते. याच शेअरचा एटीआर समजा २१ रुपये निघाला, तर दोन एटीआरचा स्टॉप ७५८ ला येतो. पाच हजार रुपयांपेक्षा जास्त तोटा नको असेल, तर ५,००० भागिले ४२, म्हणजे ११९ शेअर घ्यायचे. दूरचा स्टॉप आणि कमी शेअर, असा हा हिशेब आहे. ४ जूनसारख्या दिवशी वैयक्तिक शेअर स्टॉपच्या पलीकडेच उघडू शकतो, तेव्हा तोटा पाच हजारांवर थांबत नाही.

आता शेवटचा फरक, गळण्याचा आणि विरण्याचा. वीस दिवसांच्या खिडकीत ४ जून २०२४ चा परतावा २ जुलैपर्यंत होता. १७ जूनची बकरी ईदची सुट्टी मोजली तर ३ जुलैला तो खिडकीबाहेर पडला. बाकीचे दिवस सरासरी एक टक्का हलले असे धरले, तर तो दिवस आत असताना व्होलॅटिलिटी २७% च्या जवळ आणि बाहेर पडताच १६% च्या जवळ. एका रात्रीत अकरा टक्क्यांची घसरण, आणि ती ३ जुलैला बाजारात काय झाले त्यामुळे नव्हे, तर महिनाभरापूर्वीची एक ओळ गळाली म्हणून. त्याच ४ जूनने चौदा दिवसांच्या एटीआरमध्ये आपल्या ट्रू रेंजचा चौदावा भाग, म्हणजे १४२ अंश टाकले होते. ३ जुलैला त्यातले ३२ अंश अजून शिल्लक होते आणि ते पुढेही रोज थोडे थोडे झिजत गेले. म्हणून मोठा दिवस आला की मी शीटमध्ये त्याच्या शेजारी, वीस सत्रांनंतरची तारीख लाल अक्षरांत लिहून ठेवते. त्या सकाळी व्होलॅटिलिटीचा आकडा कोसळलेला दिसला, तर आधी एटीआर बघायचा. तोही पडला असेल तरच बाजार शांत झाला आहे.